बारा अंकी रकान्याला दोन कुलुपे

तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत शेतकऱ्यांचा जो तक्ता संगणकात ठेवलेला असतो, त्यात नाव, गाव, गट क्रमांक, कर्जखाते आणि रक्कम असे अनेक रकाने असले, तरी त्यांतील एकच रकाना माणसाला जन्मभर चिकटून राहणारा असतो, आणि तो आधार क्रमांकाचा होय. बँकेचे खाते बंद करून दुसरे उघडता येते, मोबाइल क्रमांक बदलता येतो, जमीनही विकता येते. बारा अंकी आधार क्रमांक मात्र एकदा फुटला की तो परत घेऊन दुसरा देण्याची रीत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हापासून हा रकाना महाराष्ट्रातील कचेऱ्यांच्या तक्त्यांत शिरत गेला, आणि तो तेथे नेमका कशासाठी आहे, तो कोणी वाचावा व कोणी वाचू नये, हे ठरण्याच्या आधीच तो सर्वत्र पसरला. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या एका रकान्यापुरता मर्यादित आहे: त्यातील अंक कूटबद्ध कसे करावेत, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत अशा रूपात कसे ठेवावेत, आणि त्यांची उकल करण्याचा अधिकार कोणाच्या हाती द्यावा.

या दोन प्रश्नांपैकी पहिला गणिताचा असून तो बहुतांशी सुटलेला आहे. दुसरा कचेरीच्या कारभाराचा आहे, आणि रकाना कूटबद्ध करूनही अंक फुटतात ते जवळजवळ नेहमी या दुसऱ्या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. म्हणून येथे पहिल्याला लागेल तेवढीच जागा दिली आहे.

मराठवाड्यातील सोनपेठसारख्या तालुक्याला या विषयाचे जवळचे उदाहरण महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत सापडते. डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने आलेल्या या योजनेत दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाची माफी होती. बँकांनी आधारशी जोडलेल्या कर्जखात्यांची माहिती शासनाकडे पाठवायची, त्यावरून तयार झालेल्या याद्या फेब्रुवारी २०२० पासून गावोगाव लावायच्या, यादीत प्रत्येक खात्यापुढे एक विशिष्ट क्रमांक द्यायचा, आणि शेतकऱ्याने तो क्रमांक व आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात किंवा बँकेत जाऊन अंगठा लावून रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे, अशी तिची रीत होती. रक्कम मान्य नसल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाई. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तो विशिष्ट क्रमांक. गावात भिंतीवर यादी लागणार, तिचा फोटो गावभर फिरणार हे उघडच असते. तेव्हा लोकांपुढे फिरणारा क्रमांक वेगळा आणि माणसाची ओळख पटवणारा क्रमांक वेगळा ही विभागणी त्या यादीतच उभी होती. संगणकशास्त्रात अशा फिरणाऱ्या क्रमांकालाच संदर्भ-किल्ली म्हणतात, म्हणजे मूळ अंकाच्या जागी वापरायचा असा निरर्थक अंक की ज्यावरून मूळ अंक काढता येत नाही.

ही विभागणी न पाळल्यास काय होते याचा दाखलाही फार जुना नाही. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने काढलेल्या अहवालात, केवळ चार शासकीय संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघड्यावर असल्याचा अंदाज मांडला होता, आणि त्यातील मजकूर मुख्यतः निवृत्तिवेतन व रोजगार हमी यांसारख्या योजनांच्या लाभार्थी याद्यांचा होता. तेथे कोणी कुलूप फोडले नव्हते. यादी पारदर्शक असावी या चांगल्या हेतूने सगळे रकाने एकदम बाहेर आले होते. त्याच वर्षीच्या २५ जुलैला आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून असा दंडक घातला की, आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते आपल्या सर्वसाधारण तक्त्यांत न ठेवता ‘आधार डेटा व्हॉल्ट’ नावाच्या एका वेगळ्या तिजोरीत कूटबद्ध करून ठेवावेत, इतर सर्व ठिकाणी संदर्भ-किल्लीच वापरावी, आणि कूटबद्ध करण्याची किल्ली तिच्यासाठी केलेल्या स्वतंत्र यंत्रात ठेवावी. या यंत्राला एचएसएम म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य असे की किल्ली त्याच्या आतच जन्मते, आतच वापरली जाते, आणि ती वाचून घेण्याची सोय यंत्राच्या मालकालाही नसते.

येथे एक सोपी वाटणारी पण फसवी वाट प्रथम बाजूला सारली पाहिजे. अनेक ठिकाणी आधार क्रमांक कूटबद्ध न करता त्याचा ‘हॅश’ ठेवला जातो. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरावरून ठरावीक लांबीचा एक ठसा काढण्याची पद्धत. मजकुरावरून ठसा निघतो, ठशावरून मजकूर निघत नाही, आणि म्हणून तो सुरक्षित आहे असे मानले जाते. मोठ्या लेखाच्या बाबतीत हे खरे आहे, बारा अंकांच्या बाबतीत नाही. आधार क्रमांकाचा पहिला अंक ० किंवा १ नसतो, म्हणजे त्याला आठच पर्याय उरतात. पुढचे दहा अंक मोकळे असतात. आणि बारावा अंक आधीच्या अकरांवरून डच गणिती याकोबुस व्हेरहूफ यांच्या रीतीने काढलेला तपासणीचा अंक असतो, जो लिहिताना झालेली एका अंकाची चूक किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल पकडतो. म्हणजे संभाव्य क्रमांक आठ हजार कोटी एवढेच होतात. सेकंदाला एक कोटी ठसे काढणारा साधा संगणक हे सगळे क्रमांक सव्वादोन तासांच्या आत संपवतो, आणि ग्राफिक्स कार्ड लावल्यास ते काम मिनिटा-दोन मिनिटांचे राहते. त्यातच सोयीसाठी शेजारच्या रकान्यात शेवटचे चार अंक उघडे ठेवलेले असले, तर उरलेल्या आठ अंकांच्या आठ कोटी जुळण्यांपैकी तपासणीच्या अंकाच्या कसोटीला दहातील एकच उतरते, म्हणून पर्याय ऐंशी लाखच उरतात, आणि तो शोध त्याच साध्या संगणकावर एका सेकंदात आटोपतो. ज्या तक्त्यात साधा हॅश आणि शेवटचे चार अंक शेजारी शेजारी आहेत, त्यातील अंक झाकलेले आहेत असे म्हणणे ही केवळ औपचारिकता आहे.

कूटबद्ध करण्याची रूढ पद्धत एईएस-२५६ ही असून ती जीसीएम नावाच्या रीतीने वापरली जाते. या रीतीत प्रत्येक वेळी बारा बाइटांचा एक नवा अंक यादृच्छिकपणे घेतात, जो त्याच किल्लीबरोबर पुन्हा कधीही वापरायचा नसतो, आणि शेवटी सोळा बाइटांची एक मोहोर जोडली जाते, जिच्यामुळे मजकुरात कोणी फेरफार केला तर उकल होण्याऐवजी सरळ नकार मिळतो. बारा अंकांचे बारा बाइट, यादृच्छिक अंकाचे बारा, मोहोरेचे सोळा आणि ही कोणत्या आवृत्तीची किल्ली आहे ते सांगणारा एक, असे मिळून एकेचाळीस बाइटांचे पाकीट तयार होते. बारा अक्षरांच्या जुन्या रकान्यात ते मावत नाही, हे पुष्कळ ठिकाणी काम सुरू झाल्यावर कळते.

याच रीतीत एक सोय आहे जिचा उपयोग फार कमी जण करतात. पाकीट बंद करताना त्याच्यासोबत आणखी एक मजकूर बांधता येतो, जो लपवला जात नाही, पण तोच मजकूर पुन्हा दिल्याशिवाय पाकीट उघडत नाही. तेथे शेतकऱ्याची संदर्भ-किल्ली बांधावी. कारण असे की, ज्याला उकल करता येत नाही पण तक्त्यात लिहिता येते असा माणूस एका ओळीतील पाकीट उचलून दुसऱ्या ओळीत ठेवू शकतो; अंक त्याला कधीच दिसत नाहीत, तरी एकाचे अनुदान दुसऱ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात वळते. संदर्भ-किल्ली बांधलेली असली की असे हलवलेले पाकीट उघडतच नाही.

दोन वेळा बंद केलेला एकच अंक दोन वेगळ्या पाकिटांत दिसतो हा या रीतीचा गुण आहे, आणि नेमकी तीच तिची अडचणही आहे, कारण एकच शेतकरी तक्त्यात दोनदा आला आहे काय, किंवा समोर उभा असलेला माणूस यादीतीलच आहे काय, हे पाकिटांकडे पाहून कळत नाही. यावर उपाय म्हणून पाकिटाशेजारी किल्लीयुक्त हॅश ठेवतात. तो साध्या हॅशसारखाच असतो, पण त्यात एक गुप्त किल्ली मिसळलेली असल्यामुळे ती हाती नसलेल्याला वर सांगितलेला आठ हजार कोटींचा शोध घेता येत नाही. याचा दुसरा अर्थ असा की ज्याच्या हाती ती किल्ली आहे त्याला तो शोध घेता येतो. म्हणून जुळवणीची ही किल्ली उकलीच्या किल्लीइतकीच जपली पाहिजे. ती ‘फक्त शोधासाठी आहे’ म्हणून प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याची चूक आढळते, आणि तसे केल्यास एचएसएमवर केलेला खर्च वाया जातो.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे वळता येईल. समजा, सोनपेठ तालुक्यातील पंचवीस हजार कर्जखात्यांचा तक्ता आहे आणि त्यावर तीन प्रकारचे लोक काम करतात. लिपिकाला नाव, गाव, रक्कम आणि शेवटचे चार अंक पुरतात, कारण त्याचे काम यादी लावणे आणि कागद जुळवणे एवढेच आहे. सेवा केंद्राच्या चालकाला समोरच्या शेतकऱ्याने सांगितलेला क्रमांक यादीतील खात्याशी जुळतो की नाही हे हवे असते. क्रमांक त्याला शेतकरीच सांगतो, त्यामुळे तक्त्याने त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यावे. पूर्ण अंक खरोखर लागतो तो फक्त तक्रारीच्या प्रकरणात: बँकेने पाठवलेला आणि शेतकऱ्याच्या कार्डावरचा क्रमांक जुळत नसेल, तर चूक कोणत्या अंकात आहे हे पाहण्यासाठी बँकेकडून आलेला क्रमांक कोणीतरी उघडावाच लागतो. पंचवीस हजार ओळींपैकी अशी प्रकरणे थोडी असतात. म्हणजे तिघांपैकी दोघांना उकलीचा अधिकार मुळातच लागत नाही, आणि तिसऱ्यालाही तो एका वेळी एकाच ओळीपुरता लागतो. प्रत्यक्षात मात्र तिघांनाही संपूर्ण तक्ता वाचण्याचा अधिकार सरसकट दिलेला असतो, याचे कारण दुष्टपणा नसून आळस आहे.

जुळवणीचा दरवाजाही मोकळा सोडून चालत नाही. शेवटचे चार अंक दिसत असताना उरलेल्यांसाठी ऐंशी लाख अंदाज पुरे आहेत हे वर आलेच आहे; सेकंदाला एक अंदाज करणारा यांत्रिक प्रोग्रॅम ते साधारण तीन महिन्यांत संपवील. म्हणून जुळवणी करताना यादीतील विशिष्ट क्रमांक आणि आधार क्रमांक हे दोन्ही मागावेत, आणि एका विशिष्ट क्रमांकावर दिवसाला पाचपेक्षा अधिक चुकीचे प्रयत्न झाल्यास तो दुसऱ्या दिवसापर्यंत बंद करावा. खऱ्या शेतकऱ्याला पाच प्रयत्न पुरतात.

उकलीचा अधिकार देण्याची रीत मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याला नवी नाही. कोषागाराच्या मौल्यवान वस्तूंसाठी जी दुहेरी कुलपाची पद्धत आहे, तिच्यात दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि एकट्याला दार उघडता येत नाही. रकान्याच्या बाबतीतही पहिले कुलूप डेटाबेसचे असावे, जे पाकीट बाहेर काढू द्यायचे की नाही ते ठरवते. आणि दुसरे कुलूप किल्ली सांभाळणाऱ्या वेगळ्या संगणकाचे असावे, जो एचएसएमला विचारून पाकीट उघडून देतो. डेटाबेसची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला सगळी पाकिटे दिसतात पण किल्ली नसते. किल्लीचा संगणक सांभाळणाऱ्याकडे किल्ली वापरण्याची सोय असते पण पाकिटे नसतात.

पहिले कुलूप पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसमध्ये पुढीलप्रमाणे बसवले जाते. पाकिटांचा तक्ता वाचण्याचा थेट अधिकार कोणालाच न देता, एका ओळीचे पाकीट काढून देणारे एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेली छोटी कार्यपद्धती, तयार करतात, आणि ते आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल अशी योजना करतात. येथे एक खड्डा आहे: पोस्टग्रेसमध्ये नवे फंक्शन तयार होताच ते चालवण्याचा अधिकार आपोआप सर्वांना मिळतो. तक्त्याचे असे होत नाही, म्हणून तक्त्यांची सवय झालेल्या माणसाच्या हे ध्यानात येत नाही, आणि कुलूप लावल्याच्या समजुतीत दार उघडे राहते. तो अधिकार आधी काढून घ्यावा लागतो, मग एकालाच द्यावा लागतो:

```sql
REVOKE EXECUTE ON FUNCTION pakit_kadh(uuid, text) FROM PUBLIC;
GRANT EXECUTE ON FUNCTION pakit_kadh(uuid, text) TO takrar_adhikari;
```

कुलूप बसले की नाही हे लिपिकाच्या भूमिकेत शिरून तपासता येते, आणि तपासणीत नकार मिळणे हेच यश असते:

```sql
SET ROLE lipik;
SELECT pakit_kadh('7c1e4b52-9a0d-4f36-8e21-5b7d90c3a614', 'chachani');
-- ERROR:  permission denied for function pakit_kadh
```

या नकाराऐवजी एखादी रिकामी ओळ किंवा ‘असा संदर्भ नाही’ असे उत्तर आले, तर फंक्शन चालले, म्हणजेच अधिकार शिल्लक आहे, असे समजावे.

कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी पाकीट उघडले याची नोंद कोठे ठेवावी, या प्रश्नावर अनुभवी माणसेही चुकतात. सहज सुचणारे उत्तर असे की त्याच फंक्शनने पाकीट देताना नोंदवहीच्या तक्त्यात एक ओळ लिहावी. परंतु डेटाबेसमधील सर्व लेखन ‘व्यवहार’ या चौकटीत होते, आणि व्यवहार अर्ध्यावर रद्द केला की त्यात लिहिलेले सारे पुसले जाते. म्हणजे माहीतगार माणूस `BEGIN` म्हणून व्यवहार सुरू करील, पाकीट पडद्यावर घेईल, आणि `ROLLBACK` म्हणून व्यवहार रद्द करील. पाकीट त्याच्या हाती राहील आणि नोंदवही कोरी. म्हणून नोंद दुसऱ्या कुलपापाशी, किल्लीच्या संगणकावर ठेवावी, आणि ती उकल करण्याच्या आधी लिहिली जावी. संदर्भ-किल्ली पाकिटाला बांधण्याचा दुसरा लाभ येथे दिसतो: पाकीट उघडायचे तर त्याचा खरा संदर्भ सांगावाच लागतो, त्यामुळे एकाचे नाव सांगून दुसऱ्याचा अंक पाहणे शक्य होत नाही आणि नोंदवहीतील संदर्भावर विश्वास ठेवता येतो.

काही संस्था स्वतंत्र किल्लीचा संगणक टाळून डेटाबेसमध्येच उकल करतात, आणि प्रत्येक प्रश्नासोबत किल्ली पाठवतात. अशा वेळी, डेटाबेस आलेले प्रश्न लॉगमध्ये लिहून ठेवत असेल, तर किल्लीही त्या लॉगमध्ये जशीच्या तशी उतरते, आणि चालू प्रश्नांची यादी पाहण्याचा अधिकार असलेल्या तंत्रज्ञाला ती पडद्यावरही दिसते. ताळा पाहायचा असेल तर किल्लीची पहिली आठ अक्षरे लॉगच्या फाइलींत शोधावीत. एकदाही सापडली तर ती किल्ली फुटली असे धरून नवी घ्यावी आणि सगळी पाकिटे पुन्हा बंद करावीत. पाकिटावर आवृत्तीचा एक बाइट ठेवलेला असल्यास हे काम कचेरी चालू ठेवून, रात्री थोड्या थोड्या ओळी घेऊन करता येते.

जुना उघडा रकाना काढून टाकण्याचे कामही दिसते तेवढे सरळ नाही. पोस्टग्रेसमध्ये रकाना काढण्याची आज्ञा दिली की तो नजरेआड होतो, पण त्यातील अंक डिस्कवरील ओळींत तसेच राहतात. ते खरोखर जाण्यासाठी संपूर्ण तक्ता नव्याने लिहावा लागतो, जे `VACUUM FULL` या आज्ञेने होते आणि ती चालू असताना तक्ता बंद राहतो. त्यानंतरही जुन्या बॅकअपांत अंक उघडेच असतात. त्या बॅकअपांची मुदत ठरवून ती संपताच ते नष्ट करणे, आणि तोवर ते कोणाच्या कपाटात आहेत हे लिहून ठेवणे, एवढाच उपाय आहे. झेरॉक्सच्या ज्या प्रती अर्जांसोबत फाइलींत बांधलेल्या असतात त्यांना तर यातले काहीच लागू होत नाही. तेथे पहिले आठ अंक काळ्या शाईने झाकण्यापलीकडे संगणकाच्या माणसाकडे सांगण्यासारखे काही नाही.

राहिला प्रश्न योग्य अधिकार असलेल्या माणसाचा. तक्रार अधिकाऱ्याने दोन्ही कुलुपे रीतसर उघडून अंक पाहिला आणि कागदावर उतरवून घेतला, तर कोणतेही गणित त्याला अडवू शकत नाही. अडवता येते ते प्रमाण: दिवसाला वीस उकलींची मर्यादा घातली तर पंचवीस हजार ओळी न्यायला रोज काम करूनही सव्वातीन वर्षांपेक्षा अधिक काळ लागतो, आणि त्या काळात पकडले जाण्याची संधी दर महिन्याला येते. यासाठी उकलीच्या नोंदवहीतील कारणाच्या रकान्यात ‘कामासाठी’ असे काही लिहू न देता तक्रारीचा आवक क्रमांकच मागावा. महिनाअखेरीस, दोन्हीपैकी एकही कुलूप ज्याच्याकडे नाही अशा माणसाने उकलीची नोंदवही आणि आवक नोंदवही समोरासमोर ठेवाव्यात. समजा, महिन्यात चाळीस तक्रारी आल्या आणि त्रेचाळीस उकली झाल्या. एका प्रकरणात अंक दोनदा पाहावा लागला, एकात बँकेने दुरुस्ती पाठवल्यावर पुन्हा पाहिला, आणि त्रेचाळिसावी नोंद अशी निघाली की तिच्यातील आवक क्रमांक खरा आहे, पण ती तक्रार दुसऱ्याच गावच्या शेतकऱ्याची आहे. त्या नोंदीपुढे वेळ लिहिलेली असते, आणि त्या वेळी कचेरीत कोण होते हे हजेरीपटावरून कळते.